शिखराच्या टोकाचा गोळा होऊ नये म्हणून: थराचा किमान वेळ आणि शेजारचा खांब

इंदूरच्या मराठी घरांत गणपतीच्या मखरासाठी थ्रीडी प्रिंटरवर काही ना काही छापणारे आता बरेच जण आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात पहिली येते ती कृष्णपुऱ्याची छत्री. राजवाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या या छत्र्या आहेत. खालचं बांधकाम भरभक्कम, वर निमुळती होत जाणारी शिखरं आणि प्रत्येक शिखरावर कळस. प्रिंटरला खालचा सगळा भाग सोपा जातो. खांब, कमानी, जोतं नीट उतरतं, शिखराचा निम्मा भागही छान येतो. मग शेवटच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरमध्ये कळसाचा आकार हरवतो आणि टोकाच्या जागी एक चकचकीत, एका बाजूला कललेला गोळा उरतो. सात-आठ तासांच्या छपाईनंतर हे बघायला मिळालं की नवीन माणूस हमखास नोझल बदलायला किंवा फिलॅमेंटला दोष द्यायला जातो.

दोष तिथे नसतो. तो थराच्या वेळेत असतो, आणि मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणाऱ्या स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दिलेल्या दोन आकड्यांच्या आपसातल्या नात्यात. हा लेख पीएलए फिलॅमेंट, ०.४ मिमी नोझल आणि छत्रीसारखं एक उंच मॉडेल धरून लिहिला आहे. एवढं समजलं की मिनार, मनोरे, बुद्धिबळातले उंट, सगळीकडे तेच लागू पडतं.

आधी टोक का वितळतं ते

पीएलए नोझलमधून साधारण २००-२१० अंशाला बाहेर पडतं. ते सुमारे ६० अंशांच्या खाली आलं की खऱ्या अर्थाने घट्ट होतं. त्याच्या वर असेपर्यंत ते मऊ राहतं, दाबलं की सरकतं. वरचा थर खालच्या मऊ थरावर पडला तर दोन गोष्टी होतात: नव्या थराची उष्णता खालच्यात मिसळते आणि नोझल फिरताना त्या मऊ भागाला आपल्याबरोबर ओढतं. एक-दोन थरांपुरतं हे झालं तर दिसतही नाही. वीस-तीस थर लागोपाठ असंच होत राहिलं तर टोक पूर्ण गरम राहतं आणि त्याला आकार धरता येत नाही.

मॉडेलच्या खालच्या भागात ही अडचण येत नाही, कारण तिथला एक थर छापायला मिनिटभर लागतो. नोझल परत त्याच जागी येईपर्यंत खालचा थर केव्हाच थंड झालेला असतो. टोकाला हे उलटं होतं. तिथे किती कमी वेळ मिळतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

समजा छत्री १२० मिमी उंच आहे आणि वरचे १४ मिमी कळसाचे आहेत. कळसाचा व्यास खाली ८ मिमी, वर जाता जाता २ मिमीपर्यंत कमी होतो. थराची जाडी ०.२ मिमी, म्हणजे कळसाचे ७० थर. दोन भिंती, थोडं इन्फिल म्हणजे आतलं भरण. जिथे व्यास ८ मिमी आहे तिथे एका थरात नोझलला साधारण ५५ मिमी रेघ काढावी लागते. ४ मिमी व्यासाला ती २१ मिमीवर येते. २ मिमी व्यासाला फक्त ७ मिमी उरते. वेग सेकंदाला ५० मिमी असेल तर हे थर अनुक्रमे एक सेकंद, अर्धा सेकंद आणि त्याहूनही कितीतरी कमी वेळात संपतात. प्रत्यक्षात वळणांवर वेग कमी होतो म्हणून थोडा जास्त वेळ जातो, पण चित्र तेच राहतं. सेकंदाला दोन-तीन थर एकमेकांवर पडत असतील तर कितीही चांगला पंखा असला तरी पुरत नाही.

स्लायसर काय करतो, आणि कुठे थांबतो

यासाठीच प्रत्येक स्लायसरमध्ये थराचा किमान वेळ ठरवता येतो. क्युरामध्ये तो Cooling या विभागात Minimum Layer Time नावाने असतो. दिसत नसेल तर सेटिंग्जच्या यादीत तो लपवलेला असतो. शोधपट्टीत नाव टाइप केलं की सापडतो. प्रुसास्लायसरमध्ये Filament Settings मधल्या Cooling या पानावर Slow down if layer print time is below असं लांबलचक नाव आहे. ऑर्कास्लायसरमध्येही ही सेटिंग्ज फिलॅमेंटच्याच Cooling पानावर आहेत. या दोन्हींमध्ये ही सेटिंग्ज फिलॅमेंटच्या प्रोफाइलला चिकटलेली असतात, हे लक्षात ठेवा. पांढऱ्या पीएलएसाठी सगळं नीट बसवलं आणि कळसासाठी सोनेरी फिलॅमेंटचं वेगळं प्रोफाइल निवडलं, तर तुमचे आकडे गेले.

हा आकडा १० सेकंद ठेवला तर स्लायसर प्रत्येक थराचा वेळ मोजतो आणि १० पेक्षा कमी भरला की वेग कमी करतो, म्हणजे थर १० सेकंदांत संपेल. सांगितलं जातं ते इतकंच, आणि नवीन माणूस इथेच फसतो. कारण त्याच पानावर दुसरा एक आकडा असतो: क्युरात Minimum Speed, प्रुसा आणि ऑर्कामध्ये Min print speed. वेग कितीही कमी करायचा झाला तरी याच्या खाली जायचं नाही, अशी ती मर्यादा आहे. दोघांत भांडण झालं तर हा दुसरा आकडा जिंकतो.

आता वरचा हिशेब पुन्हा बघा. किमान वेग सेकंदाला १० मिमी असेल तर ८ मिमी व्यासाचा ५५ मिमीचा थर साडेपाच सेकंदांत होतो. ४ मिमीचा दोन सेकंदांत. २ मिमीचा एका सेकंदाच्या आत. तुम्ही किमान वेळ १० लिहा, २० लिहा, ६० लिहा, टोकाला काडीचाही फरक पडत नाही, कारण तिथे वेग आधीच तळाला टेकलेला आहे.

आमच्या मंडळातल्या एका कॉलेजच्या मुलीने नेमकं हेच विचारलं होतं. "काका, मी वेळ १५ सेकंद केला, पंखा पूर्ण चालू आहे, तरी टोक तसंच येतंय. प्रिंटर ऐकत नाहीये का?" प्रिंटर ऐकत होता. तिच्या प्रोफाइलमध्ये किमान वेग २० होता, आणि २० च्या वेगाने ते टोक अर्ध्या सेकंदाच्या आतच संपत होतं.

मग किमान वेग १ करून टाकावा का? करता येतो, पण मी तसं करत नाही, आणि तुम्हीही करू नका. सेकंदाला १-२ मिमी वेगाने फिरणारं नोझल म्हणजे २०० अंशाचा धातूचा तुकडा त्या इवल्याशा टोकावर सतत ठेवलेला असतो. वेळ मिळाला, पण तो सगळा वेळ नोझल टोकाला तापवतंय. शिवाय इतक्या कमी वेगात फिलॅमेंट नोझलमध्ये जास्त वेळ पडून राहतं, पातळ होतं, आपोआप ओघळतं. पीएलएसाठी किमान वेग ८ ते १० च्या आसपास ठेवावा. त्याच्या खाली फायदा कमी आणि त्रास जास्त.

टोकाला वेळ हवा आहे हे खरं, पण तो वेळ नोझलने टोकापासून दूर काढला पाहिजे. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

शेजारी खांब उभा करणं

यावरचा सर्वांत सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे मॉडेलच्या शेजारी, तेवढ्याच उंचीचा, टाकून द्यायचा एक साधा पोकळ खांब छापणं. प्रत्येक थरात नोझल आधी टोक छापतं, मग खांबाकडे जातं, तिथे वेळ घालवतं, आणि परत येईपर्यंत टोक थंड झालेलं असतं. पोळी तव्यावरून उतरवून दुसरी लाटेपर्यंत पहिली निवते, तसंच.

खांबाची मापं अशी घ्या. १५ बाय १५ मिमीचा चौकोनी ठोकळा, उंची मॉडेलइतकी किंवा एक-दोन थर जास्त. भिंती दोन, इन्फिल शून्य, वरचे बंद थर शून्य. याच्या एका थरात साधारण ११३ मिमी रेघ होते. आता टोकाच्या २ मिमी व्यासाच्या थरात ७ मिमी टोकाचे आणि ११३ खांबाचे, मिळून १२० मिमी. किमान वेळ १० सेकंद असेल तर स्लायसर वेग सेकंदाला १२ मिमीवर आणतो. हा वेग १० च्या मर्यादेच्या वर आहे, म्हणून या वेळी १० सेकंद खरोखर पाळले जातात. आणि त्या दहांपैकी नोझल टोकावर असतं अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. बाकी नऊ-सव्वानऊ सेकंद ते खांबावर असतं आणि टोकावर फक्त पंख्याची हवा लागते.

खांब १२ किंवा १० मिमीचा घेतला तर? १० मिमीच्या खांबात एका थराला ७३ मिमी रेघ होते. टोकासह ८० मिमी, म्हणजे १० च्या किमान वेगाने ८ सेकंद. हेही बऱ्याचदा पुरतं. पण १२० मिमी उंच आणि १० मिमी रुंद खांब वर जाऊन डोलायला लागतो, एखाद्या वेळी नोझलचा धक्का लागून उखडतो, आणि मग उरलेली छपाई हवेत भुतासारख्या दोऱ्या काढत बसते. म्हणून १५ मिमी बरा, आणि त्याला बुडाशी पाच मिमीचा ब्रिम, म्हणजे बेडला चिकटणारी सपाट कड, द्याच.

खर्च किती? पूर्ण उंचीचा असा पोकळ खांब सात-आठ ग्रॅम पीएलए खातो. वेळेचं म्हणाल तर खालच्या थरांत तो प्रत्येक थराला दोन-अडीच सेकंद वाढवतो, ६०० थरांना मिळून साधारण पंचवीस मिनिटं. कळसाचे ७० थर १० सेकंदांच्या हिशेबाने बारा मिनिटांच्या आत होतात. सात-आठ तासांच्या कामात एवढं देणं मला अगदी योग्य वाटतं.

स्लायसरमध्ये हे करायला वेगळी फाइल शोधत बसू नका. प्लेटवर उजवी क्लिक करून प्रुसामध्ये Box आणि ऑर्कामध्ये Cube घालता येतो, त्याची मापं हवी तशी बदलायची आणि त्या एका वस्तूपुरतं इन्फिल व वरचे थर शून्य करायचे. क्युरात साधा ठोकळा असलेली कुठलीही फाइल उघडून तिची मापं बदला आणि Per Model Settings मधून तेच करा. खांब मॉडेलपासून २० ते ३० मिमी अंतरावर ठेवा. त्याहून दूर ठेवून थंडावा वाढत नाही, फक्त जाता-येता दोऱ्या जास्त ओढल्या जातात.

एक सेटिंग इथे सगळ्या कष्टांवर पाणी फिरवू शकतं. छापण्याचा क्रम एकेक वस्तू पूर्ण करण्याचा नको, थरागणिक हवा. क्युरात Print Sequence हे All at Once असलं पाहिजे, ऑर्कात By layer, आणि प्रुसात Complete individual objects वरची खूण काढलेली पाहिजे. नाहीतर प्रिंटर आधी छत्री संपवेल, टोक वितळवेल, आणि मग शांतपणे खांब छापायला घेईल.

प्रिव्ह्यूमध्ये तपासा, मगच छापा

स्लाइस केल्यावर लगेच कार्ड काढून पळू नका. प्रुसा आणि ऑर्कामध्ये प्रिव्ह्यूचे रंग थराच्या वेळेनुसार दाखवता येतात. तिथे Layer Time निवडा आणि उजवीकडची पट्टी वर सरकवत कळसापर्यंत जा. क्युरामध्ये रंग Speed वर ठेवा. कळसाच्या थरांत वेग किमान वेगावर आपटलेला दिसला, तर समजा की तिथे वेळ पाळला जात नाहीये, आणि खांब मोठा करायला हवा. वेग किमानच्या थोडा वर असेल तर सगळं जागेवर आहे.

पट्टी वर नेताना छत्रीचा एक गुणही दिसेल. कोपऱ्यांवर लहान शिखरं असतील तर ती एकमेकांना सांभाळून घेतात, कारण एक छापलं जात असताना बाकीची थंड होतात, आणि मधलं मोठं शिखरही तेव्हा चालूच असतं. ती क्वचितच वितळतात. सगळा घोळ होतो तो एकट्या उरलेल्या मधल्या कळसाचा. म्हणून मॉडेल निवडताना सर्वांत वर काय एकटं उरतं, ते आधी बघा.

पूर्ण छत्री लावण्याआधी फक्त वरचा २० मिमीचा तुकडा आणि तेवढाच खांब छापून बघा. प्रुसा-ऑर्कामध्ये Cut हत्यार आहे. क्युरामध्ये Move मध्ये Drop Down Model ची खूण काढून Z ला -१०० द्या, म्हणजे १२० मिमीच्या मॉडेलचे वरचे २० मिमीच बेडच्या वर राहतील. ही चाचणी थोड्या वेळात होते आणि पूर्ण दिवस वाचवते. तिची एक मर्यादा माहीत असू द्या: इथे टोक ६० अंशाच्या बेडपासून फक्त २० मिमीवर असतं, त्यामुळे ते प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्तच तापतं. चाचणीत टोक ठीक आलं तर वर १२० मिमीवर उष्णतेचा त्रास होणार नाही. मात्र उंच मॉडेल डोलतं की नाही, हे या चाचणीत कळणार नाही.

पंखा, खोली आणि इंदूरचा मे महिना

पीएलएच्या टोकाला पंखा १०० टक्के हवा, यात वाद नाही. पण हवा कुठून येते ते नोझलच्या खाली वाकून बघा. साध्या प्रिंटरांवर पंख्याचा भोंगा अनेकदा एकाच बाजूने फुंकतो. अशा वेळी टोकाची पंख्याकडची बाजू कडक आणि रेखीव येते, विरुद्ध बाजू मात्र चिकट आणि फुगलेली. दर वेळी टोक एकाच दिशेने कलत असेल, तर हे कारण धरून चला. मॉडेल बेडवर फिरवून ठेवलं आणि कल मॉडेलबरोबर फिरला नाही, प्रिंटरच्या त्याच बाजूला राहिला, तर खात्रीच झाली. यावर दोन्ही बाजूंनी फुंकणारा भोंगा बसवणं हा कायमचा उपाय. तोवर किमान वेळ तीन-चार सेकंदांनी वाढवा आणि खांब त्या प्रमाणात मोठा करा.

खोलीच्या तापमानाचा परिणाम लोक कमी धरतात. प्लास्टिक किती लवकर निवतं ते हवा किती थंड आहे त्यावर ठरतं. साध्या हिशेबाने २१० अंशावरून ६० अंशावर यायला, २५ अंशाच्या खोलीत जेवढा वेळ लागतो, त्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त ४० अंशाच्या खोलीत लागतो. इंदूरला मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर जातो. जानेवारीत ८ सेकंदांत नीट येणारं टोक मेमध्ये गोळा होऊ लागलं तर प्रिंटर बिघडलेला नाही. ८ च्या जागी १० किंवा ११ करा, किंवा मोठं काम रात्री लावा. बंद पेटीचा प्रिंटर असेल तर पीएलएसाठी दार आणि वरचं झाकण उघडं ठेवा, आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गरम असते.

कूलर मात्र प्रिंटरच्या तोंडावर लावू नका. त्याची हवा गार असते पण दमट असते, आणि पीएलए ओल धरतं. ओल धरलेलं फिलॅमेंट नोझलमध्ये तडतडतं आणि टोक ते खांब या ये-जा करण्यात कोळ्याचं जाळं विणून ठेवतं. गणपतीच्या आधीचे दिवस भर पावसाचे, त्यामुळे हा त्रास नेमका त्याच वेळी वाढतो. रीळ सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा आणि छापायच्या आधी फिलॅमेंट सुकवणाऱ्या डब्यात ४५-५० अंशाला चार-सहा तास सुकवून घ्या. थोड्या दोऱ्या तरीही राहतील. त्या कटरने खरवडा. लायटर लावायचा मोह टाळा, नाहीतर इतक्या मेहनतीने वाचवलेलं टोक त्या ज्योतीत जाईल.

तापमान उतरवणं

खांब असूनही शेवटचे काही थर मऊ वाटत असतील तर नोझलचं तापमान कळसापुरतं दहा-पंधरा अंशांनी उतरवा. वेग इतका कमी असतो की १९५ अंशालाही थर एकमेकांना नीट चिकटतात. प्रुसा आणि ऑर्कामध्ये प्रिव्ह्यूच्या उजव्या पट्टीवर कळस सुरू होण्याच्या आठ-दहा थर आधी जाऊन, तिथे उजवी क्लिक करून स्वतःचा जी-कोड घालता येतो. तिथे एवढीच ओळ लिहा:

```
M104 S195
```

क्युरात हेच काम Extensions मधल्या Post Processing मधून ChangeAtZ या स्क्रिप्टने होतं. M104 च्या जागी M109 लिहू नका. M104 तापमान बदलायला सांगून पुढे छापत राहतो. M109 मात्र काही प्रिंटरांवर तापमान पूर्ण उतरेपर्यंत तिथेच थांबतो, आणि थांबतो तो गरम नोझल मॉडेलला टेकवून. तिथे एक फोड येते आणि ती सगळ्या शिखरावर उठून दिसते.

क्युरामधलं Lift Head हे सेटिंग याच जातीचं आहे. किमान वेगाला पोचल्यावर उरलेला वेळ नोझल उचलून बाजूला थांबायचं, असं ते करतं. कल्पना बरोबर आहे, नोझल टोकापासून दूर जातं. पण थांबलेल्या नोझलमधून फिलॅमेंट ओघळत राहतं, आणि पुढच्या थराच्या सुरुवातीला एकतर मणी येतो किंवा खाच पडते. खांबावर नोझल सतत छापत असतं, त्यामुळे त्याचा प्रवाह चालू राहतो आणि परत येताना ते भरलेलं असतं. जागाच नसेल, बेड मॉडेलने भरलेला असेल, तर Lift Head वापरा, नाहीतर खांबच.

गोळा उष्णतेचाच आहे का, हे ओळखणं

टोक बिघडलं की ते वितळलंच असं नाही. वितळलेल्या टोकावर थरांच्या रेषा दिसेनाशा होतात, पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो, कडा वर वळलेल्या असतात आणि आकार मूळापेक्षा जाड होतो. छापताना बघितलंत तर नोझल फिरेल तसं टोक त्याच्यामागे हलताना दिसतं.

रेषा स्पष्ट आहेत पण थर एकमेकांपासून थोडे सरकलेले, नागमोडी आहेत, तर तो उंच बारीक भाग डोलतोय. तिथे थराचा वेळ वाढवून काही होणार नाही, वेग आणि प्रवेग कमी करावा लागेल. टोक बारीक, भुरभुरीत, बोटाने दाबलं की तुटतंय, तर फिलॅमेंट कमी पडतंय. बहुधा रिट्रॅक्शन, म्हणजे फिलॅमेंट मागे ओढणं, जास्त झालंय किंवा तापमान फार उतरवलंय. नुसत्या चमकेवरून निष्कर्ष काढू नका. पीएलए हळू छापलं की चकचकीत येतं, जलद छापलं की मंद. त्यामुळे वेग जिथे कमी व्हायला लागतो तिथे शिखरावर चमकेचा एक पट्टा दिसतो. तो दोष नाही. पण डोळ्यांत खुपत असेल, तर पूर्ण शिखराचा वेग आधीपासूनच कमी ठेवा, म्हणजे बदल अचानक होणार नाही.

आणखी एक जागा तपासायची राहून जाते. काम लवकर संपावं म्हणून प्रिंटरच्या पडद्यावर कुणी वेग १५० टक्के केला असेल, तर स्लायसरने मोजून ठेवलेले १० सेकंद तिथे सातही राहत नाहीत. स्लायसरला ते कळायचं काही साधनच नाही. कळस जवळ आला की तो आकडा १०० वर आहे ना, ते स्वतः जाऊन बघा. तसंच दुसऱ्याच्या प्रिंटरचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. मोठ्या पंख्याच्या नव्या जलद प्रिंटरांच्या प्रोफाइलमध्ये थराचा किमान वेळ चार-सहा सेकंद असतो आणि तिथे तो पुरतो. साध्या प्रिंटरवर तोच आकडा टाकला की गोळा ठरलेला.

कळस वेगळा छापणं

मखरासाठी मला सर्वांत जास्त पटलेला मार्ग हा आहे. मॉडेल कळसाच्या खाली कापा, छत्री पांढरी किंवा दगडी रंगात छापा आणि सगळे कळस सोनेरी पीएलएमध्ये एकत्र छापा. कापताना ऑर्का आणि प्रुसामध्ये जोडणीसाठी खुंटी आणि भोक घालायची सोय आहे. खुंटी ३ मिमी व्यासाची आणि ४-५ मिमी लांब ठेवा, भोक ०.२ मिमी मोठं. मग झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब पुरतो.

पाच कळस एका वेळी, एकमेकांपासून २५ मिमी अंतरावर मांडले की तेच एकमेकांचे खांब होतात. २ मिमी व्यासाला पाचांचे मिळून ३५ मिमी, म्हणजे १० च्या वेगाने साडेतीन सेकंद आणि वर ये-जा करण्याचा वेळ. एकट्या कळसापेक्षा पाचपट बरं, पण अगदी टोकाच्या थरांना तेही अपुरं पडतं. म्हणून सोबत १५ मिमीचा एक खांब ठेवाच. उंची जेमतेम १५-२० मिमी, वजन एक-सव्वा ग्रॅम. एखादा कळस बिघडला तर तेवढाच पुन्हा छापता येतो, छत्रीला हात लागत नाही. अनंत चतुर्दशीनंतर छत्री जपून ठेवायची तर कळस काढता यावेत म्हणून गोंद न लावता नुसते बसवले तरी चालतात.

पीईटीजी वापरणाऱ्यांनी किमान वेळ १५ सेकंदांपासून सुरू करावा, कारण त्याला पंखा पूर्ण देता येत नाही; दिला तर थर सुटतात. एबीएसला तर पंखा जवळजवळ बंदच ठेवावा लागतो, तेव्हा तिथे खांबाशिवाय गत्यंतर नाही, आणि तो २० मिमीचा घ्या.